दोनशे मतदारांतली दोन माणसं

20 नोव्हेंबर 2024. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान सहाला संपलं आणि साडेसहाच्या ठोक्याला सगळ्या वाहिन्यांवर चौकटी झळकल्या. मॅट्रिझने महायुतीला 150 ते 170 जागा दिल्या, पीपल्स पल्सने 175 ते 195. लोकशाही-रुद्रने 128 ते 142 दिल्या, तर इलेक्टोरल एजने गाडी उलटी फिरवून महायुतीला 118 आणि महाविकास आघाडीला 150 जागा दिल्या. ॲक्सिस माय इंडियाने एक दिवस थांबून 178 ते 200 असा आकडा काढला. 23 तारखेला मतमोजणी झाली आणि महायुतीला 230 जागा मिळाल्या. सगळ्यात उदार अंदाजाची वरची कड धरली तरी 30 जागा कमी पडल्या. तरीही दुसऱ्या दिवशी बहुतेक संस्था आमचा अंदाज खरा ठरला, असंच सांगत होत्या. विजेता ओळखला होता, हे त्याचं कारण. तो खरंच ओळखला होता, पण तेवढ्यासाठी चौकटीत दोन-दोन आकडे लिहायची गरज नव्हती.

एक्झिट पोल हा जनमत चाचणीपेक्षा भरवशाचा, असं आपण धरून चालतो. ते अर्ध्या वाटेपर्यंतच खरं आहे. लोकांनी किती टक्के मतं कोणाला दिली, हे कळण्यापुरता एक्झिट पोल वरचढ असतो. त्या टक्क्यांतून जागा काढायची वेळ आली की दोन्ही चाचण्या एकाच पंक्तीत येऊन बसतात, कारण तिथे वापरायची रीत एकच आहे आणि तिच्यातल्या खाचाखोचाही त्याच. वाहिन्या मात्र पहिल्या अर्ध्यात कमावलेली पत दुसऱ्या अर्ध्यावर खर्च करतात. मध्य मुंबईतल्या एका मतदारसंघावरून हे चांगलं समजतं. दादर पश्चिम, शिवाजी पार्क, प्रभादेवी हा सगळा भाग ज्यात येतो तो माहीम मतदारसंघ.

आधी जनमत चाचणी घेऊ. ती मतदानाआधी होते आणि तिच्यात ज्याला विचारायचं तो 'मतदार' असतो, म्हणजे यादीत नाव असलेला माणूस. तो मतदानाला जाईल की नाही, हे त्यालाही नक्की ठाऊक नसतं. मुंबईत ही अडचण मोठी, कारण यादीतल्या बऱ्याच जणांचं नाव एकीकडे आणि बिऱ्हाड विरार-बदलापूरला असतं. जाईन म्हणणारे सगळे जात नाहीत, आणि न जाणाऱ्यांचा कल जाणाऱ्यांसारखाच असेल याची खात्री नसते. शिवाय उत्तर आजचं आणि मत पुढच्या महिन्यातलं.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये तर माहीममध्ये नेमकं काय विचारायचं, हाच प्रश्न होता. मनसेने अमित ठाकरे यांना उभं केलं होतं. शिंदे यांच्या शिवसेनेचे विद्यमान आमदार सदा सरवणकर यांनी माघार घ्यावी आणि अमित यांना वाट मोकळी करावी, असा भाजपचा उघड आग्रह होता. ठाकरेंच्या शिवसेनेने महेश सावंत यांना उतरवलं होतं. 4 नोव्हेंबरला अर्ज मागे घेण्याची मुदत संपली, सरवणकर रिंगणात राहिले, आणि लढत तिरंगी होणार हे तेव्हा कुठे ठरलं. त्याआधीच्या चाचणीत दादरकराने दिलेलं उत्तर प्रामाणिक असलं तरी ते कदाचित न होणाऱ्या लढतीबद्दलचं असणार होतं. सरवणकर नसतील तर त्यांची मतं कुठे जातील, हा प्रश्न वेगळाच. त्याचं उत्तर मतदाराने अजून स्वतःशीही ठरवलेलं नव्हतं.

एक्झिट पोलमध्ये या दोन्ही अडचणी एका फटक्यात जातात. समोरचा माणूस बोटाला शाई लावून बाहेर आलेला असतो. जाईल की नाही आणि मत बदलेल की काय, हे दोन्ही प्रश्न संपलेले असतात. उमेदवार ठरलेले, चिन्हं ठरलेली. त्यामुळे एक्झिट पोलचं महत्त्व मी कमी लेखत नाही. म्हणूनच कायद्यानेही त्याला वेगळं काढलं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने कलम 126 अ आलं. मतदानाच्या पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीपासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. केल्यास दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही. 2024 ला झारखंडचं मतदान दोन टप्प्यांत होतं, म्हणून ही बंदी 13 नोव्हेंबरच्या सकाळी सातपासूनच लागू झाली. जनमत चाचणीला अशी लांबलचक बंदी नाही. मतदान संपण्याआधीचे 48 तास ती टीव्हीवर दाखवता येत नाही, एवढंच. आधीच्या टप्प्यातल्या झालेल्या मतांचा गवगवा पुढच्या टप्प्याच्या मतदारांवर परिणाम करेल, ही एक्झिट पोलवरच्या बंदीमागची भीती.

पण 'बाहेर आलेल्या माणसाला विचारलं' म्हणजे प्रत्यक्षात काय केलं? केंद्राच्या 100 मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते, त्यामुळे पक्षांची टेबलं त्या रेषेबाहेर लागलेली असतात. लालबाग-परळमध्ये तर ती गल्लीच्या तोंडाशीच असतात आणि तिथे बसलेली पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने ओळखतात. सर्वेक्षकही साधारण तिथेच उभा. चाळीतल्या बाईला तो विचारतो, मत कोणाला दिलंत? पाच पावलांवर शाखेचा कार्यकर्ता चहा पीत बसलेला असतो. ती हसते आणि निघून जाते. नकार देणारे सगळ्या पक्षांत सारख्याच प्रमाणात असतील तर बिघडत नाही. ज्या पक्षाचा त्या गल्लीत दरारा नाही, त्याचेच मतदार जास्त गप्प राहिले तर आकडा एका बाजूला कलतो आणि ते आकड्यावर कुठेही लिहून येत नाही. चांगली संस्था सर्वेक्षकाला सांगते की दर दहावा माणूस धर आणि नकाराचीही नोंद कर. कामचुकार सर्वेक्षक जो बोलेल त्याला धरतो. परळच्या टॉवरमधला मतदार गाडीत बसून निघूनही गेलेला असतो.

मग भाषेची अडचण. 2019 ला 'शिवसेना' म्हटलं की एकच पक्ष. जून 2022 मध्ये तो फुटला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्या पक्षाला दिलं. त्यानंतर दादरमध्ये एखाद्या आजोबांनी 'शिवसेनेला दिलं, आणखी कोणाला?' असं सांगितलं, तर सर्वेक्षकाने काय लिहायचं? 'धनुष्यबाण की मशाल' असं विचारायलाच हवं, आणि जमलं तर तोंडी न विचारता चिन्हांचा कागद पुढे करायला हवा, म्हणजे आजोबा बोट ठेवतील आणि शेजारच्याला कळणारही नाही. इंग्लंडमध्ये मतपत्रिकेसारखाच कागद देऊन तो खोट्या पेटीत टाकायला सांगतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

आणि कागद दाखवूनही एक भोक राहतंच. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालेल्या पिपाणीसारख्या चिन्हाचं यादीतलं नावही 'तुतारी'च होतं. त्या अपक्षाला 37,062 मतं पडली. उदयनराजे जिंकले 32,771 मतांनी. त्या मतांतली किती चुकून पडली, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अशा मतदाराला बाहेर विचारलं असतं तर त्याने आपल्या समजुतीनुसार खरंच उत्तर दिलं असतं आणि ते यंत्रातल्या नोंदीशी जुळलं नसतं. एक्झिट पोल मत मोजत नाही, मतदाराने सांगितलेलं मत मोजतो.

वेळेचाही प्रश्न आहे. साडेसहाला चौकट दाखवायची तर आकडे दुपारी तीन-चारपर्यंत मुख्यालयात पोहोचावे लागतात. त्या दिवशी आयोगाचा संध्याकाळी पाचपर्यंतचा आकडा 58.22 टक्के होता, अंतिम 66.05 टक्के. हा फरक सगळा पाचनंतरच्या मतांचा नव्हे, कारण पाचचा आकडाच कच्चा असतो. पण सहाला आवारात असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं आणि रांगा अंधार पडल्यावरही चालतात, हे खरंच आहे. कामावरून येऊन शेवटच्या तासात मत देणारा आणि सकाळी फिरून येता येता देणारा, हे दोघे एकाच प्रकारचे मतदार असतील असं धरायला आधार नाही. दुपारी काम आटोपणाऱ्या चाचणीत पहिला कमी आणि दुसरा जास्त असतो. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या सर्वेक्षकाला बायका कमी सापडतात, तेही तसंच. 200 जणांत बायका 60 च आल्या आणि प्रत्यक्ष मतदानात त्या निम्म्या असतील, तर प्रत्येकीच्या उत्तराला वजन वाढवून द्यावं लागतं. वजन दिलं की आकडा सुधारतो, पण मग 60 जणींच्या खांद्यावर 100 जणींचा भार येतो आणि चुकीची शक्यता वाढते. ज्या वर्षी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये निवडणुकीच्या ऐन तोंडावर खात्यांत जमा होत होते, त्या वर्षी ही तडजोड लहान नव्हती.

समजा हे सगळं नीट जमलं आणि राज्यातले मतांचे टक्के बरोबर आले. पुढे काय?

2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास बरोबरीत होती, दोन्हींची त्रेचाळीस-चव्वेचाळीस टक्क्यांच्या घरात. जागा मात्र महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17. पाच महिन्यांनी विधानसभेला महायुतीला निम्म्याच्या आसपास मतं मिळाली आणि जागा मिळाल्या 288 पैकी 230, म्हणजे दर पाचातल्या चार. टक्के थोडे हलले की जागा धडाधड कोसळतात किंवा येऊन पडतात, कारण कितीतरी मतदारसंघ एकाच कडेवर उभे असतात. लोकसभेला ॲक्सिसने महाराष्ट्रात महायुतीला 28 ते 32 जागा दिल्या होत्या, म्हणजे पुष्कळ जास्त. विधानसभेला त्याच संस्थेचा आकडा पुष्कळ कमी ठरला. चूक नेहमी एकाच बाजूला झाली असती तर वाचकाने मनातल्या मनात वजाबाकी केली असती. इथे तीही सोय नाही.

नेहमीचा उपाय असा की मागच्या निवडणुकीचे मतदारसंघवार आकडे घ्यायचे, राज्यभर जेवढे टक्के सरकले तेवढे सगळीकडे सरकवायचे आणि कोण पुढे जातो ते पाहायचं. माहीममध्ये हे करून बघा. 2019 ला सरवणकर धनुष्यबाणावर उभे होते. त्यांना 61,337 मतं होती आणि मनसेचे संदीप देशपांडे यांना 42,690. 2024 ला सरवणकर त्याच चिन्हावर, पण समोर त्याच मुशीतला मशालवाला. मग ही 61 हजार मतं कोणाच्या खात्यातून सरकवायची? शेजारच्या वरळीत उलटं: 2019 ला आदित्य ठाकरे धनुष्यबाणावर 67,427 मतांनी जिंकले होते, 2024 ला मशालीवर 8,801 मतांनी. राष्ट्रवादीही 2023 मध्ये फुटलेली. सरकवण्यासाठी मागचा खुंटाच शिल्लक नव्हता, आणि जे काही बसवलं ते संस्थेच्या प्रमुखाच्या अंदाजाने बसवलं. त्या अंदाजात गैर काही नाही, पण तो मोजलेला नव्हता.

आता माहीमचा निकाल पाहू. सावंत 50,213, सरवणकर 48,897, अमित ठाकरे 33,062. पहिल्या दोघांत 1,316 मतांचं अंतर, म्हणजे तिघांच्या मिळून 1,32,172 मतांत एक टक्का. समजा एखाद्या संस्थेने इथे 200 जणांना विचारलं, सगळे खरं बोलले, आणि ते अगदी चिठ्ठ्या टाकून निवडलेले होते. निकालाबरहुकूम वाटणी झाली तर सावंतांचे 76, सरवणकरांचे 74 आणि अमित यांचे 50 निघतात. फरक दोन माणसांचा. त्यांपैकी एका माणसाने दुसरं बोट दाखवलं की बरोबरी, दोघांनी दाखवलं की निकाल उलटा. संख्याशास्त्र सांगतं की 200 जणांत या दोघांतलं अंतर नुसत्या योगायोगाने 12 टक्क्यांपर्यंत इकडे किंवा तिकडे जाऊ शकतं. एका टक्क्याचं अंतर खात्रीने ओळखायचं तर वीस-पंचवीस हजार लोकांना विचारावं लागेल. एका मतदारसंघात एवढी माणसं विचारायची तर ती चाचणी राहत नाही, मतमोजणीच होते. त्यातही प्रत्यक्षात 200 जण चिठ्ठ्या टाकून येत नाहीत, चार-पाच केंद्रांवरून येतात. त्यात माहीम कोळीवाड्याचं एक केंद्र आलं की आकडा एक, शिवाजी पार्कच्या इमारतींचं आलं की दुसरा. एका केंद्रावरचे 40 जण एकमेकांचे शेजारी असतात. ते 40 स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

म्हणून मतदारसंघवार 'कोण जिंकणार' सांगणारा एक्झिट पोल माहीम, वरळी अशा ठिकाणी जे सांगतो ते ऐकूच नये. राज्याचा आकडा तरीही काढता येतो, पण रीत वेगळी लागते: प्रत्येक जागेवर विजेता न लिहिता शक्यता लिहायची आणि शक्यतांची बेरीज करायची. समजा निकालाआधी महायुतीसाठी कुलाबा आणि मलबार हिल प्रत्येकी 1, वडाळा 0.8, माहीम आणि वरळी प्रत्येकी 0.4, भायखळा 0.2, मुंबादेवी 0.1 धरलं. (हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत.) बेरीज 3.9. म्हणजे 'चारच्या आसपास, दोन जागांचं काही सांगता येत नाही'. प्रत्यक्षात तीन आल्या: कुलाबा, मलबार हिल, वडाळा. या बेरजेत शिवडी मी मुद्दाम धरली नाही. लालबाग-परळच्या त्या जागेवर महायुतीने उमेदवारच दिला नव्हता आणि भाजपचा पाठिंबा मनसेच्या बाळा नांदगावकरांना होता. अजय चौधरी 7,140 मतांनी जिंकले म्हणून प्रश्न मिटला. नांदगावकर जिंकले असते तर ती जागा महायुतीच्या रकान्यात की 'इतर'मध्ये? संस्थांच्या आकड्यांची तुलना करताना हे कोणी तपासत नाही.

शक्यतांची बेरीज चालते, कारण एका जागेवरची चूक दुसरीवर उलट होऊन फिटते. पण हे तेव्हाच, जेव्हा चुका एकमेकींपासून वेगळ्या असतात. महायुतीचे मतदार राज्यभर जास्त गप्प राहिले असतील, किंवा बायकांचा कल सगळीकडेच कमी पकडला गेला असेल, तर चूक 288 ठिकाणी एकाच दिशेने होते आणि बेरीज तिला धुऊन काढण्याऐवजी जमा करते. सात-आठ संस्थांची सरासरी काढून दाखवणाऱ्या 'पोल ऑफ पोल्स'मध्येही तेच होतं. सगळे एकाच बाजूला चुकले असतील तर सरासरीही तिथेच जाते, आणि वर ती जास्त विश्वासार्ह दिसते. ऑक्टोबर 2024 मध्ये हरियाणात एक्झिट पोल एकमुखाने काँग्रेसच्या बाजूने होते आणि भाजपने 90 पैकी 48 जागा जिंकल्या. हा फटका ताजा असताना महाराष्ट्रात मोठा आकडा लिहिताना काहींचे हात आखडले असतील, असा माझा संशय आहे. तो मला सिद्ध करता येणार नाही.

ब्रिटनमध्ये तरी काय होतं, असं कोणी विचारेल. तिथे जॉन कर्टिस यांचा चमू दर वेळी शक्यतो त्याच मतदान केंद्रांवर जातो, साधारण 130 ठिकाणी, आणि मागच्या वेळेपेक्षा बदल किती झाला हे मोजतो. 2024 ला त्यांनी मजूर पक्षाला 410 जागा सांगितल्या, मिळाल्या 411. पण त्याच रात्री त्यांनी 'रिफॉर्म' या नव्या पक्षाला 13 सांगितल्या होत्या आणि मिळाल्या 5. मागचा आकडा नसलेल्या पक्षापाशी तेही अडखळले. आमच्याकडे 2024 ला मागचा आकडा नसलेले पक्ष चार होते.

निवडणूक जाहीर करताना तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी एक्झिट पोलवाल्यांना आत्मपरीक्षण करायला सांगितलं होतं: नमुना किती, चाचणी कुठे घेतली, निकालाशी जुळली नाही तर जबाबदारी कोणाची. काहींना याहून पुढे जाऊन सरसकट बंदी हवी आहे. मला ती पटत नाही. बंदी घातली तर चाचण्या बंद होणार नाहीत, फक्त पक्षांच्या आणि सट्टेवाल्यांच्या हातात राहतील. त्यापेक्षा चौकटीचा क्रम बदलायला सांगावा. आधी मतांचे टक्के आणि त्यांच्यातली कमी-जास्त. मग किती जणांना, किती केंद्रांवर, किती वाजेपर्यंत विचारलं आणि किती जणांनी नकार दिला. मग किती जागा इतक्या घासून आहेत की सांगता येत नाही. जागांचा पल्ला सगळ्यात शेवटी, आणि तो शंभरातल्या किती वेळा खरा ठरावा अशी अपेक्षा आहे, हे सांगून. '178 ते 200' म्हणजे नव्वद टक्के खात्री की पन्नास, हे न सांगता दिलेला पल्ला नुसता ऐसपैस दिसतो. आणि दोन्ही आघाड्या 145 च्या खाली दाखवणारा पल्ला, जसा लोकशाही-रुद्रचा होता, तो सावध वाटला तरी सावध नसतो. त्रिशंकू विधानसभा येणार हे ठाम भाकीत त्यात दडलेलं असतं.

एका बाबतीत आपली स्थिती ब्रिटनपेक्षा चांगली आहे, आणि तिचा उपयोग कोणी करत नाही. तिथे मतमोजणी मतदारसंघाची एकत्र होते, केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे कळतच नाही. आपल्याकडे निकालानंतर नमुना 20 मध्ये प्रत्येक केंद्राचे उमेदवारवार आकडे प्रसिद्ध होतात. दादरच्या ज्या शाळेबाहेर सर्वेक्षक उभा होता, तिथे त्याला काय सांगितलं गेलं आणि आत यंत्रात काय होतं, हे संस्थेला नंतर ताडून पाहता येतं. नकारामुळे चूक झाली, वेळेमुळे झाली की टक्क्यांतून जागा काढताना झाली, हे तिथेच वेगळं करता येतं. माहीमच्या केंद्रांचे सरकारी आकडे कोणालाही पाहता येतात. त्याच केंद्रांवरचे स्वतःचे आकडे शेजारी ठेवून दाखवा, असं वाहिनीने संस्थेला करारातच लिहून घ्यावं. पुढच्या वेळी साडेसहाला कोणाला किती वेळ द्यायचा, हे त्यावरून ठरवता येईल.